जानेवारीतला मोठा सूर्य: ऋतूंच्या एका चुकीच्या उत्तराचा प्रकरण अभ्यास

नववीच्या एका विद्यार्थिनीने चाचणीच्या उत्तरपत्रिकेत एक आकृती काढली होती. एक चांगलं लांबुळकं अंडाकृती वर्तुळ, मध्ये सूर्य, आणि अंड्याच्या दोन जवळच्या बाजूंना 'उन्हाळा' व दोन लांबच्या टोकांना 'हिवाळा' असं लिहिलेलं. खाली एक वाक्य: "पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा होतो व लांब जाते तेव्हा हिवाळा होतो." या प्रश्नाचे तिला शून्य गुण मिळाले होते आणि ती मला विचारायला आली होती की यात चूक काय. मी शाळेबाहेर मुलांसाठी आकाशनिरीक्षणाचा वर्ग घेतो. तिच्याबरोबर पुढचे काही आठवडे जे झालं ते इथे सविस्तर लिहितो, कारण तिचं हे पहिलं उत्तर सोडवायला अर्धा तास लागला, पण त्याच्या जागी जे दुसरं उत्तर आलं ते सोडवायला सगळे आठवडे गेले.

आधी तिच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. शेकोटीच्या जवळ सरकलं की ऊब वाढते हा प्रत्येकाचा अनुभव आहे आणि त्यावरून काढलेला तिचा निष्कर्ष अजिबात वेडगळ नव्हता. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही, ती लंबवर्तुळ आहे, हेही तिला शिकवलेलं होतं आणि ते खरंच आहे. दोन खऱ्या गोष्टी जोडून तिने एक खोटी गोष्ट तयार केली होती. म्हणून "चूक" एवढं म्हणून भागणार नव्हतं. त्या दोन खऱ्या गोष्टींची मापं किती आहेत हे तिला दिसायला हवं होतं.

सुरुवात आकृतीपासून केली. पुस्तकातली कक्षा अशी लांबुळकी दिसते कारण ती तिरक्या नजरेने काढलेली असते. ताट समोर ठेवून कडेने पाहिलं की तेही अंड्यासारखं दिसतं. मी तिला सांगितलं, कक्षा नीट वरून पाहिल्यासारखी काढ, रुंदी ३० सेंटिमीटर घे. मग हिशोब केला. खऱ्या प्रमाणात काढलं तर या आकृतीची लांबी आणि रुंदी यांत अर्ध्या दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी फरक पडतो. पेन्सिलीची रेघच त्यापेक्षा जाड असते. म्हणजे कागदावर कंपासने काढलेलं वर्तुळ आणि पृथ्वीची कक्षा डोळ्यांना वेगळी ओळखता येणार नाही. फरक दिसतो तो सूर्याच्या जागेत: तो केंद्रापासून अडीच मिलिमीटर एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे कक्षेवर सूर्याला सर्वांत जवळची जागा एकच असते आणि सर्वांत लांबची जागाही एकच. तिच्या आकृतीत दोन जवळच्या आणि दोन लांबच्या जागा होत्या, म्हणजे वर्षाला दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे. हे तिचं तिलाच दिसलं आणि ती थोडी गोंधळली.

मग मी तिला तारखा सांगितल्या. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्या बिंदूला उपसूर्य म्हणतात आणि तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं. सर्वांत लांब असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, अपसूर्य बिंदूवर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. उत्तर गोलार्धातला कडाक्याचा हिवाळा नेमका पृथ्वी जवळ असताना येतो.

"हे कुणी मोजलं? टेप लावून तर मोजता येत नाही," ती म्हणाली. प्रश्न रास्त होता. याचा पुरावा कुणीही घरच्या कॅमेऱ्याने मिळवू शकतं, फक्त लेन्ससमोर सूर्यनिरीक्षणाचा खास फिल्टर हवा; त्याशिवाय सूर्याकडे डोळा किंवा कॅमेरा रोखायचा नाही. त्याच कॅमेऱ्याने, झूम अजिबात न बदलता, जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि जुलैच्या सुरुवातीला एक असे सूर्याचे फोटो काढायचे आणि बिंबाचा व्यास मोजायचा. जुलैत बिंब १०० मिलिमीटर भरलं, तर जानेवारीत ते १०३ मिलिमीटरहून थोडं जास्त भरतं. माझ्याकडे असे दोन फोटो होते. ते अर्धे-अर्धे कापून एकमेकांना चिकटवले की जानेवारीचा सूर्य कडेने बाहेर डोकावतो. ती बराच वेळ ते पाहत राहिली. हिवाळ्यातला सूर्य मोठा, हे तिच्या कल्पनेत कुठेच बसत नव्हतं.

याहून साधा एक पुरावा आहे आणि त्याला कॅमेराही लागत नाही. उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. पृथ्वी एकच आहे. ती सूर्याजवळ गेली तर सगळीच जवळ जाते. ऋतू अंतरामुळे होत असते, तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता.

इथवर ती सहज आली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून सुधारलेलं उत्तर आणलं: "पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो व सूर्याच्या जास्त जवळ येतो, म्हणून तिथे उन्हाळा होतो."

हे उत्तर कुठल्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळवून जाईल. यात आस आहे, अंश आहेत, दोन गोलार्ध आहेत, आणि तरीही हे पहिलंच उत्तर आहे, फक्त नवे कपडे घालून आलेलं. कारण म्हणून अजूनही अंतरच दिलेलं आहे. कल आला तो अंतर कमी करायला. माझ्या अनुभवात बहुतेक मोठी माणसंही इथेच थांबतात. ही चूक ओळखायची असेल तर "आस कललेला आहे म्हणून" एवढ्यावर समाधान मानू नये, पुढे विचारावं: कललेला आहे म्हणून नक्की काय बदलतं? उत्तरात 'जवळ' हा शब्द आला की समजावं.

आम्ही हे उत्तरही मापाला लावलं. जूनच्या अयनदिनी, म्हणजे २१ जूनच्या सुमारास, ४० अंश उत्तर आणि ४० अंश दक्षिण या दोन ठिकाणी एकाच वेळी मध्यान्ह आहे असं धरलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. त्रिकोणमिती लावली की उत्तरेकडचं ठिकाण सूर्याला सुमारे ३,२५० किलोमीटरने जवळ येतं. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण जानेवारी ते जुलै या सहा महिन्यांत पृथ्वी सूर्यापासून सुमारे ५० लाख किलोमीटर लांब जाते, म्हणजे सरासरी दिवसाला २७ हजार किलोमीटर. कलामुळे मिळालेली ३,२५० किलोमीटरची जवळीक म्हणजे पृथ्वीच्या या सरकण्याचा तीन तासांचाही हिशोब नाही. ५० लाख किलोमीटरने जवळ येऊनही जानेवारीतली थंडी हटत नसेल, तर सव्वातीन हजार किलोमीटरने उन्हाळा कसा येईल?

हा भागाकार तिने स्वतः केला. मी सांगितला असता तर तो तिने वहीत उतरवला असता आणि तिथेच सोडला असता, असं मला वाटतं.

आता 'जवळ' हा शब्द काढून टाकल्यावर कलाला दुसरं काही काम उरतं का, हा प्रश्न होता. यासाठी एक विजेरी आणि चौकटींचा कागद घेतला. विजेरीपुढे काळ्या पुठ्ठ्यात कापलेलं छोटं चौकोनी भोक ठेवलं, म्हणजे उजेडाचा ठसा मोजता येतो. विजेरी कागदावर सरळ उभी रोखली तेव्हा ठशात १६ चौकटी आल्या. मग विजेरी कागदापासून तेवढ्याच अंतरावर ठेवून तिरकी केली, कागदाशी साधारण २७ अंशांचा कोन होईल इतकी. ठसा लांबत गेला आणि ३५-३६ चौकटींवर पसरला. विजेरी तीच, सेल तेच, अंतरही तेच. पण तोच उजेड सव्वादोनपट जागेत वाटला गेला, त्यामुळे प्रत्येक चौकटीच्या वाट्याला निम्म्याहून कमी आला.

२७ अंश हा कोन मी उगीच घेतला नव्हता. ४० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अयनदिनी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे २६.६ अंशच वर येतो. जूनच्या अयनदिनी तोच सूर्य ७३.४ अंशांवर चढतो. दोन्हींतला फरक सुमारे ४७ अंश, म्हणजे कलाच्या बरोबर दुप्पट. ज्याच्याकडे काहीच साधन नाही त्याला हा फरक सावलीत दिसतो: या अक्षांशावर एक मीटर उंचीच्या सरळ रोवलेल्या काठीची मध्यान्हीची सावली जूनमध्ये ३० सेंटिमीटर पडते आणि डिसेंबरमध्ये दोन मीटर.

उजेड पसरतो ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी घड्याळात आहे. याच ठिकाणी जूनमध्ये दिवस जवळजवळ १५ तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सव्वानऊ तासांच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात ऊन दाटही असतं आणि जास्त वेळही असतं. दिवसभराची गोळाबेरीज केली, तर वातावरणाच्या वरच्या टोकाला प्रत्येक चौरस मीटरवर येणारी सूर्याची ऊर्जा जूनमध्ये डिसेंबरच्या सुमारे ३.३ पट भरते. हा आकडा काढताना सूर्याचं अंतर वर्षभर एकसारखंच धरलेलं आहे. सगळा फरक एकट्या कलाचा आहे. आता अंतराला त्याचा वाटा देऊ. जानेवारीत पृथ्वी जवळ असल्यामुळे तिच्यावर पडणारं ऊन जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असतं. ते हिशोबात धरलं की ३.३ पट हा आकडा ३.१ पटीवर येतो. उत्तर गोलार्धात अंतर ऋतूंना घडवत नाही, उलट थोडंसं बोथट करतं. दक्षिण गोलार्धात मात्र जवळ येण्याची वेळ तिथल्या उन्हाळ्यावरच पडते, त्यामुळे ४० अंश दक्षिणेला हेच प्रमाण साडेतीन पट होतं.

तिने लगेच विचारलं, "मग दक्षिणेकडचे उन्हाळे जास्त कडक असतात का?" या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण उत्तर 'नाही' असं आहे आणि त्याचं कारण सूर्यात नसून पाण्यात आहे. दक्षिण गोलार्धाचा फार मोठा भाग समुद्र आहे. पाणी हळू तापतं, हळू निवतं. उत्तरेत जमीन जास्त, आणि जमीन पटकन तापते. हा परिणाम इतका मोठा आहे की संपूर्ण पृथ्वीचं सरासरी तापमान पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असताना, जुलैमध्ये, जानेवारीपेक्षा तीनेक अंशांनी जास्त असतं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, काम झालं. तिच्या हातात पृथ्वीगोल दिला, टेबलावर एक बल्ब लावला आणि म्हटलं, आता वर्षभर फिरव. तिने गोलाचा कललेला वरचा टोक बल्बकडे धरला, 'हा जून' असं म्हणाली आणि बल्बभोवती चालायला लागली. चालताना तिचं तोंड सतत बल्बकडे होतं, त्यामुळे हातातला गोलही तिच्याबरोबर वळत गेला. टेबलाच्या पलीकडे पोचली तरी उत्तर ध्रुव बल्बकडेच झुकलेला. तिच्या पृथ्वीवर उत्तरेला बाराही महिने उन्हाळा होता. हे लक्षात आल्यावर तिने डिसेंबरच्या जागी मनगट वळवून गोल उलट्या बाजूला कलवला. हीदेखील नेहमीची चूक आहे: पृथ्वी वर्षातून एकदा इकडे आणि एकदा तिकडे डोलते अशी समजूत.

इथे शब्दांनी काही होत नाही. मी खोलीच्या एका भिंतीवर उंच जागी कागदाचा तारा चिकटवला आणि एकच नियम सांगितला: कुठेही उभी राहा, गोलाचा आस या ताऱ्याकडेच रोखलेला हवा. खरी पृथ्वी तेच करते. तिच्या आसाचं उत्तर टोक वर्षभर ध्रुवताऱ्याच्या जवळच रोखलेलं असतं, म्हणून तर तो तारा जागचा हलत नाही. या नियमाने ती पुन्हा फिरली. पहिल्या दोन फेऱ्यांत तिला अडखळायला झालं, कारण मागे, बाजूला चालावं लागत होतं. तिसऱ्या फेरीत ती टेबलाच्या पलीकडे पोचून थांबली. मनगट जराही वळवलेलं नव्हतं, आणि तरी उत्तर ध्रुव आता बल्बापासून दूर झुकलेला होता, ध्रुवाभोवतीचा सगळा भाग अंधारात. "पृथ्वी काहीच करत नाही," ती म्हणाली. "ती फक्त दुसऱ्या बाजूला गेली." मधल्या दोन जागांवर, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना, उजेड-अंधाराची रेघ बरोबर दोन्ही ध्रुवांतून जाते हेही तिनेच दाखवलं.

आपल्या भाषेत यासाठी शब्द आहेतच: उत्तरायण आणि दक्षिणायन. अयन म्हणजे जाणं. ज्यांनी हे शब्द वापरात आणले त्यांनी सूर्याच्या उगवण्याची जागा क्षितिजावर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकताना पाहिली होती. शब्दांत दिशा आहे, जवळ-लांब कुठेच नाही.

शेवटच्या भेटीत तिने मला दोन शंका विचारल्या आणि दोन्ही माझ्या मते पुस्तकात असायला हव्यात. पहिली: सर्वांत जास्त ऊन २१ जूनला मिळतं, तर उत्तरेत सर्वांत जास्त उकाडा त्यानंतर काही आठवड्यांनी का? कारण तापमान ठरतं ते आलेली उष्णता आणि बाहेर गेलेली उष्णता यांच्या हिशोबावर. अयनदिनानंतर येणारी उष्णता कमी व्हायला लागते, पण बरेच दिवस ती जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्तच असते, त्यामुळे जमीन आणि समुद्र तापतच राहतात.

दुसरी शंका अधिक खोल होती. जूनमध्ये उत्तर ध्रुवावर चोवीस तास ऊन असतं, मग तो सर्वांत गरम का होत नाही? खरं तर त्या दिवशी वातावरणाच्या वर मोजलं, तर दिवसभरात ध्रुवाला विषुववृत्तापेक्षा जास्त ऊर्जा मिळते. पण सूर्य तिथे २३.४ अंशांच्या वर कधी जात नाही, त्यामुळे किरणांना हवेतून लांबचा तिरका रस्ता कापावा लागतो. जे ऊन खाली पोचतं त्याचा मोठा भाग बर्फ परत फेकतो, आणि उरलेलं बर्फ वितळवण्यात खर्ची पडतं. कोन आणि तास यांवरून आलेलं ऊन कळतं. त्या उन्हाचं तापमानात काय होतं हे खाली काय पसरलं आहे त्यावर ठरतं. कलाच्या स्पष्टीकरणाची ही मर्यादा आहे आणि ती लपवू नये.

अंतराची बाजूही अशीच प्रामाणिकपणे सांगायला हवी. पृथ्वीवर ते दुय्यम आहे कारण कक्षा जवळजवळ गोल आहे, अंतर ऋतू घडवूच शकत नाही असा काही नियम नाही. मंगळाचा आस सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, जवळपास आपल्याइतकाच, पण त्याची कक्षा बरीच ताणलेली आहे: सूर्याजवळ असताना त्याच्यावर पडणारं ऊन लांब असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असतं. तिथे दक्षिणेचा उन्हाळा उत्तरेच्या उन्हाळ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापतो. पृथ्वीवरसुद्धा विषुववृत्तावर कलामुळे उन्हात पडणारा वर्षाचा फरक सुमारे ८ टक्केच आहे, म्हणजे तिथे अंतराचे ७ टक्के जवळपास बरोबरीला येतात. चाळीस अंशांवर ते तीनपटीच्या फरकापुढे हरवून जातात.

जाताना मी तिला एक प्रश्न दिला: आस अजिबात कललेला नसता तर? पुढच्या आठवड्यात तिने नवीन आकृती आणली. कंपासने काढलेलं वर्तुळ, केंद्रापासून अडीच मिलिमीटर सरकलेला सूर्य, आणि चार जागी चार पृथ्व्या, सगळ्यांचे आस सरळ उभे. खाली लिहिलं होतं: "सगळीकडे रोज बारा तासांचा दिवस. मध्यान्हीचा सूर्य वर्षभर त्याच उंचीवर. फक्त जानेवारीत सात टक्के ऊन जास्त, आणि ते उत्तरेला आणि दक्षिणेला एकदमच."